सत्तेचाळीस किलोमीटर

टोलची पावती हा जगातला सगळ्यात लबाड कागद आहे, असं देसाचं एकोणीस वर्षांच्या अनुभवानं बनलेलं मत होतं. नाक्यावर हातात येते तेव्हा कशी काळीभोर, स्पष्ट. कुठून शिरलात, कुठे बाहेर पडलात, किती वाजता, गाडी कोणत्या वर्गातली, पैसे किती, सगळं सांगते. तीच पावती ड्रायव्हरनं समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेत खोचून चार दिवस उन्हात फिरवली की पांढरीफटक होते आणि काही म्हणजे काही सांगायला तयार होत नाही. मग देसा तिला खिडकीशी नेई, तिरकी धरी, डोळे बारीक करी आणि आकडे वाचून काढीच. इवान्यित्सा गावात हे काम तिच्याइतकं कुणाला जमत नसे. त्याचं कौतुक होई, पण त्या कौतुकानं पगार वाढला असं मात्र कधी झालं नाही.

मालक वुकोमान यांचं रास्पबेरीचं शीतगृह आणि दोन फ्रीजचे ट्रक. दोन्ही ट्रक एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले. एक चालवायचा देसाचा नवरा मोमिर आणि दुसरा ग्वोझ्देन. ग्वोझ्देन म्हणजे यांचा कूम. देसा-मोमिरच्या लग्नात चर्चमध्ये साक्षीला तोच उभा होता आणि त्यांच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणाराही तोच. त्या भागात सख्ख्या भावाशी भांडलेलं एक वेळ चालतं, पण कूमाशी दगा करणाऱ्याच्या घरी लोक कॉफीसुद्धा पीत नाहीत.

सप्टेंबर संपला. फळांचा हंगाम आटोपला, आणि वुकोमान एका सकाळी हिशेबाच्या खोलीत येऊन देसाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. हा माणूस खुर्ची रिकामी असली तरी टेबलावरच बसायचा. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. हिवाळ्यात दोन ट्रकना पुरेल एवढं काम नाही. एक ट्रक विकायचा, एक ड्रायव्हर कमी करायचा. कोणता, ते वही सांगेल. ज्या गाडीला किलोमीटरमागे जास्त खर्च येतो, तिचा ड्रायव्हर जाईल. शुक्रवारपर्यंत आकडा द्यायचा, खाली सही करून.

"म्हणजे कुणी म्हणायला नको, की वुकोमानने तोंड बघून निवडलं," ते म्हणाले.

मोमिर त्रेपन्न वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीत स्क्रू बसवले होते. मोठ्या कंपन्यांना तीन-तीन आठवडे जर्मनीत गाडीतच झोपणारी माणसं हवी असतात, त्यांनी याला दारातूनच परत पाठवलं असतं. तो इथे टिकला होता कारण सुबोतित्साच्या गोदामात माल टाकून दुसऱ्या दिवशी घरी येता येत असे. इथलं काम गेलं की त्याला दुसरं काम नव्हतं, आणि हे तिला, त्याला, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तर देसानं बुटांचे दोन खोके टेबलावर उपडे केले. एका खोक्यावर मोमिरचं नाव, दुसऱ्यावर कूमाचं. आधी डिझेलच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. त्यातही फ्रीजच्या टाकीचं डिझेल बाजूला. ते यंत्र गाडी उभी असतानाही चालतं, त्याचा किलोमीटरशी संबंध नाही. मग टोलच्या पावत्या तारखेनं लावल्या. दर फेरीच्या चार: जाताना दोन, येताना दोन. मालकांनी टोलचा टॅग कधी घेतला नव्हता, कारण त्यात पैसे आधी भरून ठेवावे लागतात आणि आधी पैसे भरणं या माणसाच्या स्वभावात नव्हतं. दोघांनी महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरली होती, हा नियम देसानंच घालून दिलेला. नाहीतर महिनाअखेरीला टाकीत उरलेलं डिझेल कुणाच्या तरी माथी बसतं आणि हिशेब खोटा पडतो.

मोमिरच्या पंधरा फेऱ्या, ११,२४० किलोमीटर, ३,६४० लिटर. डिझेल आणि टोल मिळून आठ लाख साठ हजार दिनार. किलोमीटरमागे ७६.५.

ग्वोझ्देनच्याही पंधरा फेऱ्या, १०,५३० किलोमीटर, ३,५४० लिटर. आठ लाख एकोणचाळीस हजार. किलोमीटरमागे ७९.७.

तीन दिनारांनी मोमिर वाचला. देसानं पेन खाली ठेवलं आणि तिला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंदच झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. तिनं उठून कॉफी उकळली आणि कूमासाठी वाईट वाटून घेत ती प्यायली. इथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण एकोणीस वर्षांची सवय वाईट. पेन पुन्हा उचललं गेलं.

पंधरा फेऱ्या यालाही, पंधरा त्यालाही. दोघांचं शीतगृह एकच, सुबोतित्साचं गोदाम एकच, मधला रस्ता एकच. मग ग्वोझ्देनचे किलोमीटर सातशेनं कमी कसे?

तिनं आठ सप्टेंबरच्या पावत्या काढल्या. त्या दिवशी दोघं पाठोपाठ निघाले होते. टोलच्या चारही पावत्या जुळ्या भावंडांसारख्या: त्याच नाक्यातून आत, त्याच नाक्यातून बाहेर, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानं. दोघांनी निघताना गावातल्याच पंपावर डिझेल घेतलं, परत आल्यावर तिथेच घेतलं. कंपनीच्या कार्डावर डिझेल घेताना ड्रायव्हरला मीटरचा आकडा सांगावा लागतो आणि तो चिठ्ठीवर छापून येतो. त्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की फेरी किती झाली ते कळतं. मोमिर ७४९. ग्वोझ्देन ७०२.

सत्तेचाळीस किलोमीटर.

कूमानं आकडा चुकीचा सांगितला असेल, असं तिला वाटलं. तिनं दुसरी फेरी पाहिली, तिसरी पाहिली, पंधराही पाहिल्या. माणूस चुकतो तेव्हा कधी वर चुकतो, कधी खाली. इथे दर वेळी सत्तेचाळीस, एखाद्या वेळी शेहेचाळीस. एवढ्या शिस्तीत माणूस चुकत नाही. मग ऑगस्टची वही उघडली. तिथेही तेच. ऑगस्टमध्ये कामाच्या धांदलीत तिला ग्वोझ्देनचं डिझेल जरा जास्त दिसलं होतं, फ्रीजचं डिझेल त्यात मिसळलं असेल असं म्हणून तिनं सही करून टाकली होती. जुलैत मात्र त्याच्याही फेऱ्या साडेसातशेच्याच होत्या.

जुलै आणि ऑगस्टच्या मध्ये काय झालं ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही, कारण बिल तिनंच फाइलला लावलं होतं. जुलैच्या शेवटी मालकांनी ग्वोझ्देनच्या गाडीला मागचे चार टायर घातले होते. वापरलेले, कुणा दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीकडून स्वस्तात उचललेले. देसा खाली अंगणात गेली. ट्रक उभा होता. मागून जरासा उंच, नवरीच्या मैत्रिणीनं टाचेचे बूट घालावेत तसा. ती वाकली आणि टायरच्या कडेवर छापलेला उंचीचा आकडा वाचला. जिथे साठ हवं होतं तिथे सत्तर होतं.

त्यात कोडं काहीच नव्हतं. मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं केलं की एका फेऱ्यात गाडी जास्त रस्ता कापते, पण मीटरला ते कोण सांगणार? म्हणून मागचे टायर वेगळ्या मापाचे घातले की गाडी कार्यशाळेत नेऊन मीटर नव्यानं जुळवून घ्यावा लागतो, शिक्का मारून. तो कायदाच आहे. त्या जुळवणीचं बिल फाइलमध्ये नव्हतं. म्हणजे जुळवणी झाली नव्हती.

वर येऊन तिनं ग्वोझ्देनचा खर्च खऱ्या किलोमीटरनं भागला. ११,२३०. उत्तर आलं ७४.७.

म्हणजे महाग गाडी मोमिरची होती. जायचं होतं मोमिरनं.

देसा दोन दिवस त्या दोन आकड्यांच्या मध्ये उभी राहिली. घरी मोमिरला काही बोलली नाही. सांगितलं तर त्याच्या अंगावर दोनच गोष्टी येणार होत्या: नोकरी सोडणं, नाहीतर कूमाला फसवणं. त्यापेक्षा हे आपल्याच गळ्यात राहू दे, असं तिनं ठरवलं. नवऱ्याच्या मनावर ओझं नको म्हणून बायका काय काय गिळतात, आणि त्याला माया म्हणतात. जेवताना तो बीन्सची भाजी वाढून घेत विचारी, आकडा निघाला का? ती म्हणे, पावत्या वाचता येत नाहीयेत. तो हसून म्हणाला, तुला वाचता येत नाही अशी पावती अजून छापायची आहे.

त्यातच गुरुवारी ग्वोझ्देन जिना चढून वर आला. उंच, वाकलेला, टोपी हातात घेतलेला माणूस. त्यानं नुकत्याच केलेल्या फेरीच्या चार पावत्या टेबलावर ठेवल्या आणि उभाच राहिला.

"कुमा, एक विचारू? ही गाडी हल्ली मला वेगळीच लागते. मीटर पंच्याऐंशी दाखवतो आणि मी सगळ्यांना मागे टाकत जातो. मालकांना दोनदा म्हटलं, कार्यशाळेत दाखवू या. म्हणाले, तुझे कान म्हातारे झालेत. आणि पगारही हल्ली कमीच येतो. तुझ्या वहीत काही दिसतं का?"

दोघंही ड्रायव्हर किलोमीटरवर पगार घेत. किलोमीटरला दहा दिनार. देसाला ते त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिनं मनात हिशेब केला: महिन्याला सात हजार दिनार कमी, ऑगस्टपासून, आणि तेही तिच्याच सहीनं.

"बघते मी," ती म्हणाली.

"बघ तू. दुसऱ्या कुणाच्या हातात वही असती तर मी स्वतः आकडे लिहून ठेवले असते. तू आहेस म्हटल्यावर कशाला?" असं म्हणून तो टोपी घालून खाली गेला.

त्या वाक्यानं देसा उठली. दोन्ही खोके, टायरचं बिल आणि कागदावरचे तीन आकडे घेऊन ती मालकांच्या खोलीत गेली आणि सगळं त्यांच्यासमोर मांडलं. आठ तारखेच्या जुळ्या पावत्या, सातशे एकोणपन्नास, सातशे दोन, साठ आणि सत्तर. शेवटी राहिला ७४.७, आणि त्या आकड्यानं तिच्याच नवऱ्याची नोकरी जात होती. पण तिनं सांगितला. त्या बाईला आपण आयुष्यात एकदा तरी ताठ उभं राहिलो असं वाटलं असेल, तर ते त्या अर्ध्या मिनिटात.

वुकोमान यांनी कागद वाचला नाही. त्यांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला.

"टायर मीच घातलेत, देसा. मला माहीत नसेल का? मीटर जुळवायला गाडी दोन दिवस उभी राहिली असती, ऐन हंगामात."

"मग आता जुळवा. आणि ग्वोझ्देनचे पैसे..."

"आता जुळवायला नेली तर पहिला प्रश्न येणार, दोन महिने खोटा मीटर घेऊन गाडी रस्त्यावर कशी? मग वही मागतील. ऑगस्टच्या वहीवर सही कुणाची आहे?"

देसानं दोन्ही खोके आपल्याकडे ओढले.

"तुझी," ते शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते रागावत नसत. "तू मुद्दाम केलं नाहीस, ते मला माहीत आहे. तेव्हा कशाला वाढवायचं? ग्वोझ्देन कार्यशाळा, कार्यशाळा करत फिरतो. असा माणूस उद्या कुणालातरी जाऊन विचारेल. मोमिर विचारणार नाही. आणि तूही विचारणार नाहीस, कारण मोमिर इथे आहे. ७९.७ लिही आणि सही कर. मी तुझ्या घरात चूल पेटती ठेवतोय, तू तोंड असं काय करतेस?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कळलं, की या खोलीला जी एक खिडकी आहे तिला जाळी आहे. राजीनामा दिला तर मोमिर जातो. पोलिसांत गेली तर सही तिची. गप्प बसली तर कूम जातो. कुठल्याही बाजूनं गेलं तरी वाट याच टेबलाशी येत होती. ती आपल्या खोलीत आली, ७९.७ लिहिलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, हात जरासुद्धा हलला नाही, याचा तिला फार राग आला.

ग्वोझ्देन शनिवारी गेला. भांडला नाही. मोमिरनं त्याला घरी बोलावलं, प्लमची दारू काढली, आणि दोघं डोळे पुसत बसले. आकड्यापुढे काय बोलणार, असं ग्वोझ्देनच मोमिरची समजूत घालत म्हणाला. देसा स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. चूल सोडता येत नाही असं तिनं आतून सांगितलं.

सोमवारी ट्रक घ्यायला गिऱ्हाईक आलं. मोमिर अंगणात आपल्या गाडीवरचे रोजचे डाग पुसत होता, तेव्हा मालकांनी त्याला हाक मारून सांगितलं, की विकतोय ती तुझी गाडी. तू ग्वोझ्देनची घे.

मोमिर गोंधळला. महाग तर ती गाडी होती ना? पण मालकांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, की डिझेल गाडी पीत नाही रे, पाय पितो. पाय बदलला की गाडी स्वस्त होईल. मोमिरला ते स्वतःचं कौतुक वाटलं. दुपारी डबा खाताना त्यानं ते देसाला हौसेनं सांगितलं. मालकांनी कागद न वाचताच खिशात का घातला होता, ते तिला आता कळलं. खरा हिशेब त्यांनी तिच्याच हातून करून घेतला होता आणि खरा आकडा तेवढा स्वतःकडे ठेवला होता. स्वस्त गाडी ठेवली, प्रश्न विचारणारा माणूस काढला, आणि वर दर फेरीला सत्तेचाळीस किलोमीटरचा पगार वाचत होता.

पहिली फेरी करून मोमिर बुधवारी सकाळी परतला. पाठीवर हात ठेवून, एक एक पायरी मोजत जिना चढला. देसाला त्याच्या पावलांवरून कळलं, की पाठ दुखतेय. त्यानं चार टोलच्या पावत्या आणि दोन डिझेलच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. या वेळी झडपेत खोचल्या नव्हत्या. कोऱ्या करकरीत, काळ्याभोर होत्या.

"देसा, ही वजाबाकी कर बरं. मी गाडीत तीनदा केली."

तिनं वजाबाकी केली नाही. उत्तर तिला माहीत होतं.

"सातशे दोन येतात," मोमिर म्हणाला. "बावीस वर्षं मी त्या रस्त्यानं जातोय. डोळे मिटून सांगेन, साडेसातशेला एक कमी. मीटर खोटा आहे. मालकांना सांगायला हवं." तो जायला वळला, आणि दारातच थांबला. मोमिर हळू विचार करणारा माणूस होता, पण करायचा पूर्ण. "अगं, पण तू गेल्या महिन्यात ग्वोझ्देनच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्यास ना? माझ्या शेजारी ठेवूनच वाचल्या असशील."

देसानं त्या सहा कागदांच्या कडा जुळवल्या.

"तुला दिसलं नाही?"

खाली शीतगृहाची यंत्रं गुरगुरत होती. तिला खोटं बोलता आलं असतं. पुसट होत्या, वाचता आल्या नाहीत, असं म्हणता आलं असतं. पण त्याच माणसानं हसत म्हटलं होतं की तिला न वाचता येणारी पावती अजून छापायची आहे.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "सही करायच्या आधीच."

मालकांच्या खोलीचं दार समोर होतं, चार पावलांवर. मोमिरनं त्या दाराकडे पाहिलं. मग देसाकडे पाहिलं. मग हात पाठीवर, स्क्रूंच्या जागी गेला. तो दारापर्यंत गेला नाही. खुर्ची ओढून तिच्या टेबलासमोर बसला, ज्या खुर्चीत तो कधी बसत नसे, आणि चिठ्ठ्या तिच्याकडे सरकवल्या.

"लिही," तो म्हणाला. "सातशे दोन."